कालची आमटी आज चालेल का? दादाच्या ओट्यावरचं पातेलं

सकाळी सव्वासहाला दादाचा फोन आला, तेव्हा मी साताऱ्यात दूध तापवत उभी होते. एवढ्या सकाळी फोन म्हटल्यावर पोटात गोळाच आला. आदल्या रात्री वहिनीची आई बाथरूममध्ये पाय घसरून पडली होती आणि वहिनी हातातलं सगळं टाकून मिरजेला धावली होती, एवढं मला माहीत होतं.

"सासूबाई बऱ्या आहेत गं," दादा म्हणाला. "तू एक सांग. रात्रीची आमटी सकाळी चालते का?"

दादा बेचाळीस वर्षांचा आहे. चहा करतो, अंडी उकडतो, आणि वहिनी घरात असेल तर कांदा चिरून देतो. घरात एकटा आहे आणि गॅसपुढे उभा आहे, असं आजवर कधी झालं नव्हतं. सांगलीत विश्रामबागला घर, एप्रिलचा पहिला आठवडा, मनूची तिसरीची परीक्षा आणि सात चाळीसला दारात येणारी शाळेची व्हॅन. वहिनी रात्रभर दवाखान्यात बसून होती, तिला उठवायचं नाही असं त्यानं ठरवलं होतं. मी कॉलेजात अन्नशास्त्र शिकवते, म्हणून माझा नंबर लागला.

त्या फोनवर आम्ही जे जे केलं, ते त्याच क्रमानं इथं लिहिते आहे. कारण "आमटी चालेल का" याचं उत्तर एका शब्दात देता येत नाही. ते शोधून काढावं लागतं, आणि शोधायची जागा पातेल्यात नसते.

आधी घड्याळ

मी विचारलं, "गॅस किती वाजता बंद झाला?"

"वास एकदम झकास येतोय," दादा म्हणाला. विचारलं एक, सांगितलं दुसरंच.

"वासाचं नंतर बघू. गॅस कधी बंद झाला?"

त्याला आठवेना. नऊ असतील, साडेनऊ असतील. सगळ्यांचं असंच होतं. स्वयंपाक कधी उरकला हे कुणी लक्षात ठेवत नाही. मग मी म्हटलं, मिरजेहून फोन आला तेव्हा वहिनी काय करत होती? त्याला चित्र आठवलं. वहिनीनं फोडणी देऊन आमटीला उकळी आणली होती, फोन वाजला, तिनं गॅस बंद केला आणि ओला हात पदराला पुसत फोन घेतला. दादानं वहिनीच्या भावाशी नंतर बोलणं केलं होतं आणि त्याच्या फोनमध्ये ती वेळ होती, आठ बेचाळीस. म्हणजे गॅस आठ चाळीसच्या आसपास बंद झाला. वेळ आठवत नसेल तेव्हा अशी एखादी खूण शोधायची. फोनची नोंद, जेवताना चालू असलेली मालिका, ताटाचा काढलेला फोटो, काहीही चालतं.

पुढचे प्रश्न सोपे होते. पातेलं कुठं होतं? ओट्यावर, शेगडीशेजारी. झाकण? होतं, घट्ट. किती भरलेलं? दोन लिटरचं स्टीलचं पातेलं, पाऊण भरलेलं, कारण वहिनी दोन वेळची आमटी एकदम करते आणि जेवणं झाली की उरलेली फ्रीजमध्ये ठेवते. त्या रात्री ठेवायला ती घरात नव्हती. दादानं दहा वाजता त्यातली दोन पळ्या आमटी भातावर घेतली, झाकण लावलं आणि झोपला.

आठ चाळीस ते सव्वासहा, म्हणजे साडेनऊ तास. सांगलीतलं एप्रिलातलं स्वयंपाकघर, खिडकी बंद, रात्रीचं तापमान तीस अंशांच्या आसपास. हिशेब इथंच जवळजवळ संपला होता, पण दादाला तो पटायला हवा होता.

पातेल्यात रात्रभर काय चाललं होतं

शिजवलेल्या ओल्या अन्नाचा नियम असा आहे. ६० अंश सेल्सिअसच्या वर आजारी पाडणारे जंतू वाढत नाहीत. ५ अंशांच्या खाली बहुतेकांची वाढ अगदी मंदावते. या दोहोंच्या मधल्या पट्ट्यात अन्न एकूण दोन तासांपेक्षा जास्त राहू नये, आणि भोवतालचा उन्हाळा ३२ अंशांच्या वर असेल तर एका तासापेक्षा जास्त नाही.

आता हे आमटीला लावून बघा. मोठं, झाकलेलं, जाड वरणाचं पातेलं पटकन निवत नाही. वरून कोमट लागलं तरी मध्ये चांगलंच गरम असतं. आपल्याला वाटतं, गरम आहे म्हणजे सुरक्षित आहे. प्रत्यक्षात उलट होतं. उकळती आमटी ६० अंशांच्या खाली आली की ती पन्नास, पंचेचाळीस, चाळीस अशी अगदी रेंगाळत खाली येते, आणि क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स नावाच्या जंतूला नेमकी हीच ऊब सगळ्यात आवडते. ४३ ते ४७ अंशांत तो सगळ्यात जोरात वाढतो, एकाचे दोन व्हायला दहा-बारा मिनिटं पुरतात. त्याला हवाही नको असते. जाड आमटीच्या तळाशी, जिथं उकळीनं हवा निघून गेलेली असते, तिथं त्याचं बस्तान छान बसतं.

दादाचा प्रश्न रास्त होता. "पण डाळ कुकरला चार शिट्ट्या होऊन शिजली होती. जंतू राहिले कुठं?"

राहतात. या जंतूंची एक सोय असते. परिस्थिती वाईट झाली की ते टणक कवचात जाऊन बसतात. बियाणं पोत्यात पडून राहावं तसं. या कवचातल्या रूपाला बीजाणू म्हणतात. डाळीवर, मसाल्यात, मातीच्या कणांत ते असतात आणि साध्या उकळीनं मरत नाहीत. उलट उकळीनं बाकीचे जंतू मरून शेत मोकळं होतं. आमटी कोमट झाली की बीजाणू फुटतात आणि वाढायला लागतात. म्हणून "चांगली उकळून ठेवली होती" याचा उपयोग गॅस बंद केल्यावर तास-दोन तासच.

चिंच किंवा आमसूल घातलंय, त्यानं आमटी टिकते, असंही घरोघरी म्हणतात. थोडा फरक पडतो, पण आमटीचा आंबटगोडपणा लोणच्याइतका नसतो. लोणचं टिकतं ते मीठ, तेल आणि भरपूर आंबट या सगळ्यामुळं. आमटीत त्यातलं प्रत्येकी चिमूटभर असतं.

मग नाक, पण एकाच कामासाठी

"आता वास घे," मी म्हटलं. दादानं परत झाकण उघडलं. लसूण, हिंग, कांदा-लसूण मसाला. त्याच्या म्हणण्याप्रमाणं रात्रीपेक्षा छान. ते खरं असणार. रात्रभर मुरलेली आमटी चवीला चढतेच, म्हणूनच ती टाकायला जीव होत नाही.

नाकाचा उपयोग एकाच बाजूनं होतो. आमटी विटली असेल तर नाक ते सांगू शकतं. चांगली आहे, असं मात्र ते सांगू शकत नाही. आंबूस वास, वर पांढुरका फेस, गॅस बंद असताना वर येणारे बारीक बुडबुडे, पळी उचलल्यावर सुटणारी तार, बोटाला लागणारा बुळबुळीतपणा यातलं एक जरी दिसलं तरी पुढचा विचार न करता टाकायची. ही सगळी आंबवणाऱ्या आणि नासवणाऱ्या जंतूंची कामं. आजारी पाडणारे जंतू बहुधा वेगळे असतात आणि ते असा गाजावाजा करत नाहीत. परफ्रिंजेन्स वाढलेली आमटी दिसायला, चवीला आणि वासाला ठणठणीत असू शकते. त्यात आपल्याकडच्या फोडणीचा वास इतका तगडा की सुरुवातीचा आंबूसपणा तो सहज झाकून टाकतो. साधं वरण विटलं की लगेच कळतं, आमटीचं उशिरा कळतं.

उलट काही गोष्टींना उगाच घाबरायचं कारण नाही. डाळ खाली बसून वर पाणी दिसणं, वर साय धरणं, तेलाचा तवंग गोठणं, फ्रीजमध्ये वरण वडी पडावी तसं घट्ट होणं, हे सगळं डाळीच्या स्वभावात आहे. दादा नेमका याच्याच उलट गोंधळात होता. ओट्यावरची आमटी त्याला छान वाटत होती आणि फ्रीजमधल्या डब्यातलं घट्ट गोळा झालेलं वरण खराब वाटत होतं.

त्या डब्याचं मला तेव्हाच कळलं. त्याकडे येते. त्याआधी दादानं एक कबुली दिली.

"मी चमचाभर चाखली."

चाखून बघायचं नसतं

चाखून अन्न तपासायची सवय सगळ्यांना असते आणि ती सोडायला हवी. चवीनं कळण्यासारखं जे असतं ते आधी वासानं कळतं. जे वासानं कळत नाही ते चवीनंही कळत नाही. आणि बघता बघता पोटात गेलेलं असतं.

चमचाभरानं मोठ्या माणसाला सहसा काही होत नाही, घाबरू नकोस, असं मी दादाला सांगितलं. लक्ष कशावर ठेवायचं तेही सांगितलं. अर्ध्या तासापासून सहा तासांत मळमळ, उलट्या सुरू झाल्या तर ते अन्नात आधीच तयार झालेल्या विषामुळं असतं. सहा तासांपासून दिवसभरात पोटात मुरडा आणि जुलाब सुरू झाले तर जंतू पोटात जाऊन काम करताहेत असं समजायचं. बहुतेक वेळा दिवसभरात आवरतं. तोवर अंगातलं पाणी कमी होऊ द्यायचं नाही. औषधाच्या दुकानातलं ओआरएस सगळ्यात बरं. ते नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ. मीठ अंदाजानं घालायचं नाही. जुलाबात रक्त, मोठा ताप, पाणीही पोटात न टिकणं, लघवी कमी होणं, मूल मरगळून पडणं, यातलं काही दिसलं तर घरगुती उपाय बाजूला ठेवून डॉक्टर गाठायचा. लहान मूल, गरोदर बाई आणि म्हातारं माणूस असेल तर त्याआधीच.

दादाला पुढं काहीही झालं नाही. संध्याकाळी त्यानं तेच सुनावलं, "बघ, चांगली होती आमटी." पण एका चमच्यावरून पातेल्याचा निकाल लागत नाही. शिवाय ते पातेलं आठ वर्षांच्या मनूच्या ताटात जाणार होतं.

"उकळून घेतली तर?"

हा प्रश्न येणारच होता. आमच्या आईनं आयुष्यभर तेच केलं. आमच्या लहानपणी घरात फ्रीज नव्हता. रात्री झोपताना ती आमटीला पुन्हा सणसणून उकळी द्यायची, झाकण न उघडता तशीच ठेवायची आणि सकाळी परत उकळायची. आम्ही धडधाकट वाढलो. दादानं हे मला ऐकवलं आणि त्यात तथ्य आहे. उकळीनं वाढलेले जंतू मरतात, घड्याळ काही अंशी मागं जातं. शिवाय आई आमटी बेतानंच करायची, पातेलं लहान असायचं आणि ते पाण्यानं भरलेल्या परातीत ठेवायची. ते मुंग्यांसाठी आहे असं मला वाटायचं. आमटी निववायचं कामही त्यातून होत होतं.

पण उकळीनं जंतू मरतात, त्यांनी आधी करून ठेवलेलं सगळंच नाहीसं होत नाही. बॅसिलस सेरियस हा दुसरा जंतू भातात हमखास असतो आणि डाळीतही सापडतो. त्याचा एक प्रकार कोमट अन्नात सेरुलाइड नावाचं विष तयार करतो. हे विष १२१ अंशांना तासभर ठेवलं तरी टिकतं. आमटी उकळते शंभराच्या आसपास, कुकरही १२० च्या पुढं सहसा जात नाही. हातावरच्या, नाकातल्या स्टॅफिलोकॉकस जंतूचं विषही उकळीला दाद देत नाही, आणि दादानं रात्री जेवताना उष्ट्या हातानंच पळी धरली होती.

म्हणून माझा हिशेब असा. गॅस बंद करून दीड-दोन तास झालेत आणि आता आठवण झाली, तर उकळी द्या, निववा, फ्रीजमध्ये ठेवा. साडेनऊ तासांनंतर उकळी देऊन आमटी खाण्याजोगी होत नाही. थंडीत साताऱ्यात पहाटे बारा-तेरा अंश असतात, तेव्हा वाढ मंद असते हे खरं. पण तेव्हाही आमटी गरमपासून गारपर्यंतचा प्रवास त्याच ऊबेतून करते. रात्रभर ओट्यावरच राहिलेली आमटी मी डिसेंबरातही मुलांना वाढत नाही.

"मग टाकू?"

"टाक."

दोन लिटरच्या पातेल्यातली सव्वा लिटर आमटी. त्याला वाईट वाटलं, मलाही वाटलं.

फ्रीजमधला डबा आणि रात्रीची लाईट

मनू तिखट खात नाही. म्हणून वहिनी फोडणीआधी तिच्यापुरतं साधं वरण वाटीभर डब्यात काढते. त्या रात्रीही काढलं होतं. दादानं त्यातलं मनूला साडेनऊला भातावर दिलं आणि उरलेला डबा फ्रीजमध्ये ठेवला, कारण मनूनंच सांगितलं, "बाबा, आई हा डबा फ्रीजमध्ये ठेवते."

वरण साधारण साडेआठला काढलं, पावणेदहाला आत गेलं. सव्वा तास. छोटा स्टीलचा डबा, त्यात जेमतेम वाटीभर वरण, म्हणजे ते लवकर निवलं असणार. मी विचारलं, मनूनं उष्टा चमचा त्यात घातला होता का? नव्हता, दादानं पळीनं वाढलं होतं. इथवर सगळं ठीक.

"पण रात्री लाईट गेली होती," दादा म्हणाला. "पंखा थांबला म्हणून जाग आली. एक वाजला होता. परत आली तेव्हा तीन वाजत आले होते."

इथं फ्रीजचा नियम कामाला येतो. दार उघडलं नाही तर लाईट गेल्यावर फ्रीज साधारण चार तास आतलं अन्न पुरेसं गार ठेवतो. डबा पावणेदहाला आत गेला आणि लाईट एकला गेली, म्हणजे वरण तोवर पूर्ण गार झालेलं होतं. दोन तास लाईट नव्हती. दार कुणी उघडलं का? "गार पाण्याची बाटली काढली असती, पण आळस केला." दादाचा आळस पहिल्यांदा घराच्या कामी आला. डबा हातात घेतल्यावर गार लागत होता, उघडल्यावर वास स्वच्छ होता, वरण घट्ट बसलेलं होतं. हे वरण चालणार होतं.

लाईट पाच तास गेली असती किंवा दार तीनदा उघडलं असतं, तर माझं उत्तर बदललं असतं. ओट्यावरची आमटी आणि हे वरण एकाच कुकरमधून निघालेलं, एकच डाळ, एकच पाणी. एक टाकायची ठरली आणि एक ताटात जाणार होतं.

वरण गरम कसं करायचं

दादानं डबाच गॅसवर ठेवला. मी आवाजावरून ओळखलं, "काढ तो आधी."

घट्ट वरण तसंच तापवलं तर तळ करपतो आणि मधला गोळा गारच राहतो. कडेनं पचक पचक उडायला लागलं की आपल्याला वाटतं उकळी आली. ती उकळी नसते, तळाची वाफ वर फुटत असते. म्हणून असं करा. लहान पातेल्यात पाव वाटी पाणी उकळायला ठेवा, त्यात वरणाचा गोळा टाका, पळीनं मोडा, आच मध्यम ठेवा आणि ढवळत राहा. सगळं एकसारखं पातळ होऊन मधोमध रटरट उकळी आली की तिथून दोन-तीन मिनिटं घड्याळ लावून उकळू द्या. मीठ शेवटी चाखून घाला, पाणी वाढल्यामुळं ते कमी लागतं.

आणि लागेल तेवढंच गरम करायचं. सगळा डबा गरम करून उरलेला परत फ्रीजमध्ये, संध्याकाळी परत गरम, असं केलं की तेच अन्न त्या कोमट पट्ट्यातून पुन्हा पुन्हा जातं. फ्रीजमधली आमटी किती दिवस, असं विचारलंत तर तीन-चार दिवसांची मुदत सर्वसाधारणपणे सांगतात. आपल्याकडचे फ्रीज दिवसातून चाळीस वेळा उघडतात आणि लाईटचा भरवसा नसतो, म्हणून मी दुसऱ्या दिवशीच संपवते.

डब्यात वरणभात नाही

दादाचा बेत होता की गरम वरणभात मनूच्या शाळेच्या डब्यात द्यायचा. इथं मी अडवलं, कारण तेच घड्याळ पुन्हा सुरू होतं. साडेसातला डब्यात कोंबलेला गरम वरणभात, दप्तरात, उन्हात उभ्या व्हॅनमध्ये, आणि मधली सुट्टी दहाला. अडीच तास ऊबेत. वरणभात मनूनं घरीच ताटात गरम गरम खाल्ला. भात दादानं ताजा लावला. अर्धी वाटी तांदूळ, एक वाटी पाणी, तीन शिट्ट्या. रात्रीचा भातही ओट्यावरच होता, तो आमटीबरोबरच गेला.

डब्यासाठी कोरडं काहीतरी हवं होतं. घरात रात्रीच्या तीन चपात्या कापडात गुंडाळलेल्या होत्या. चपातीत पाणी कमी असतं, त्यामुळं ती रात्रभरात आमटीसारखी बिघडत नाही. चिकट लागत असेल, वास बदलला असेल किंवा ठिपके दिसत असतील तर टाकायची. या कोरड्या, स्वच्छ होत्या. तव्यावर दोन्ही बाजूंनी कडक शेकून, हातानं बारीक कुस्करून, दोन चमचे किसलेला गूळ आणि एक चमचा तूप घालून मलिदा. हे दादाला आठवत होतं, आई करायची. तूप गरम चपातीवरच घालायचं म्हणजे गूळ धरून राहतो.

"आत्या, बाबांनी लाडू केलाय," मनू फोनवर ओरडली. लाडू वळला नव्हता, पण तिनं मोठ्या मनानं तसं म्हटलं.

टाकतानाही नीट

व्हॅन गेल्यावर दादानं परत फोन केला. आमटी बेसिनमध्ये ओतत होता. जाड डाळ बेसिनमध्ये ओतू नका, ती पाइपात बसते आणि दोन दिवसांनी वास मारते. पिठाच्या जुन्या चाळणीतून पाणी जाऊ द्यायचं आणि चोथा ओल्या कचऱ्यात, घंटागाडीत. कुत्र्याला घालायचा मोह होतो, घालू नये. जी आपण मनूला देत नाही ती त्यालाही नको.

पातेलं, पळी, झाकण आणि झाकणाची कड गरम पाण्यानं आणि साबणानं घासून उन्हात पालथं घालायचं. ओट्याचं फडकं धुवायला टाकायचं. रात्रीच्या पातेल्यात थोडी आमटी उरली म्हणून त्यातच नवी करायची, हे तर कधीच नाही. जुन्यातले जंतू आणि विष नव्यात आयते मिळतात.

संध्याकाळची आमटी, उरेल एवढी नको

वहिनी अजून दोन दिवस येणार नव्हती, म्हणून संध्याकाळी दादानं आमटी स्वतः केली. दोन माणसांची, एका वेळेची. माप लहान ठेवा, म्हणजे सकाळचा प्रश्नच येत नाही.

अर्धी वाटी तूरडाळ तीनदा धुवायची, वेळ असेल तर अर्धा तास भिजत घालायची. दीड वाटी पाणी, पाव चमचा हळद, चार थेंब तेल. तेलानं फेस कमी येतो आणि शिट्टी चिकटत नाही. मध्यम आचेवर चार शिट्ट्या, मग बारीक आचेवर पाच मिनिटं. वाफ आपोआप जाऊ द्यायची. दादानं घाईनं शिट्टी उचलली आणि पिवळं पाणी भिंतीवर उडालं. डाळ रवीनं घोटून दीड वाटी गरम पाणी घालायचं. गार पाणी घातलं तर आमटी एकजीव व्हायला वेळ लागतो.

फोडणीला दोन चमचे तेल, मोहरी तडतडली की जिरं, हिंग, पाच-सहा ठेचलेल्या लसूण पाकळ्या, कढीपत्ता. लसूण बदामी झाली की गॅस बारीक करायचा. आमच्या भागातला कांदा-लसूण मसाला तापल्या तेलात पाच सेकंदांत करपतो आणि आमटी कडू होते. म्हणून आधी पळीभर डाळ फोडणीत ओतायची, चुर्रर्र झालं की वर एक चमचा मसाला, मग बाकीची डाळ, दोन आमसुलं, सुपारीएवढा गूळ, मीठ. पाच मिनिटं उकळी. दादानं मसाला आधी टाकला. खोकत खोकत खिडकी उघडली, दुसऱ्यांदा फोडणी केली.

तरीही वाटीभर उरलीच, कारण मनूनं त्यातली खाल्ली नाही. मग सकाळी फोनवर सांगितलेलं त्यानं केलं. परातीत गार पाणी घेतलं, बर्फाचे खडे टाकले, आमटी एका पसरट पातेल्यात दोन बोटं खोल पसरली आणि ते परातीत ठेवून ढवळत राहिला. दर पाच मिनिटांनी पाणी बदललं. वीस मिनिटांत पातेल्याचा तळ हाताला गार लागला. झाकण पूर्ण निवल्यावरच लावलं, नाहीतर वाफ आत कोंडते. गरम अन्न फ्रीजमध्ये ठेवलं तर फ्रीज बिघडतो, असं म्हणून लोक आमटी ओट्यावर तासन् तास निववत बसतात. कोमट डबा आत गेला तर फ्रीजला थोडं जास्त काम पडतं, एवढंच. मोठं वाफाळतं पातेलं मात्र आत ठेवू नये. ते मधून निवत नाही आणि शेजारचं दूधही तापवतं.

साडेनऊला दादाचा फोटो आला. फ्रीजचा वरचा खण, त्यात स्टीलचा डबा, झाकणावर मनूच्या शाळेच्या वहीचं लेबल चिकटवलेलं. नाव, इयत्ता आणि तुकडीच्या रेघांवर मनूच्या अक्षरात लिहिलं होतं:

आमटी.
गॅस बंद ८.३५.
फ्रीज ९.२०.